‘वीस अडीच पन्नास’: डॅनिश पन्नास आणि आपली औटकी

सातरस्ता
माझी भाची नोकरीनिमित्त डेन्मार्कला गेली आहे. तिथे पन्नासला ‘हाल्त्रेस’ म्हणतात आणि त्या शब्दात ‘अर्धा’ आणि ‘तीन’ दडलेले आहेत, असे तिने काल फोनवर सांगितले. अर्धा आणि तीन यांतून पन्नास कसे निघतात, हे काही माझ्या ध्यानात येईना. कोणी उलगडून सांगेल का?

जुनी वही
तिथे वीसवीसचे गठ्ठे करून मोजतात. फ्रेंच लोकही ऐंशीला ‘चार-वीस’ आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’ म्हणतात. तेव्हा डॅनिश शब्दाचा अर्थ ‘तीन विसांचे अर्धे’ असा असणार. अर्थात साठाचे अर्धे तीसच होतात, हे लिहिता लिहिता लक्षात आले. मागे कधीतरी शब्द चुकीच्या आकड्याला चिकटला असेल.

औटकी
वहीकाका, विसाचे आपण बरोबर सांगितलेत, पण अर्धे साठाचे नाही. पूर्ण शब्द ‘हाल्त्रेसिन्स्त्यूवे’ असा आहे आणि त्याचा अर्थ ‘अर्धा-तिसरा वेळा वीस’. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. ही मोजणी आपल्याला परकी वाटायचे कारण नाही, कारण आपला ‘अडीच’ संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ या शब्दापासूनच प्राकृतातून झिजत आला आहे. म्हणजे डॅनिश माणूस पन्नास म्हणताना ‘वीस अडीच पन्नास’ हा अडीचकीतला पाढाच म्हणतो, फक्त शेवटचा शब्द गाळतो.

पुढची गंमत सत्तरात आहे. सत्तरला ते ‘हाल्फ्येर्स’ म्हणतात, म्हणजे अर्धा-चौथा वेळा वीस. ‘अर्धचतुर्थ’ झिजून आपल्याकडे ‘औट’ झाला, साडेतीन. आमच्या लहानपणी पावकी, निमकीपासून सुरू होणारे अपूर्णांकांचे पाढे औटकीपर्यंत म्हणावे लागत. वीस औट सत्तर. साठ म्हणजे तीन वेळा वीस आणि ऐंशी म्हणजे चार वेळा वीस, त्यांत अर्ध्याची भानगड नाही. चाळिसाच्या शब्दात मात्र वीस नाही, म्हणजे ही रीत पन्नासापासून लागते. भाचीला विचारा, तिथे दीडलाही ‘अर्धा-दुसरा’ म्हणतात आणि घड्याळात अडीच वाजले की ‘अर्धा तीन’ म्हणतात. तिची निदान एक बस तरी या घड्याळापायी चुकली असेल.

सातरस्ता
बस नाही, दातांच्या डॉक्टरांची वेळ चुकली. ‘अर्धा तीन’ म्हणजे साडेतीन समजून ती तासभर उशिरा पोहोचली.

पालक
मुलांना ‘वीस एक, वीस दोन’ शिकवायचा जो प्रकार बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आणला, त्याचे समर्थन येथे चालले आहे का? तसे असल्यास माझा विरोध नोंदवावा.

औटकी
नाही हो, इथे फक्त शब्दांची घडण पाहतो आहोत.

पूर्वभाग
पालकांचा विरोध मला समजतो, पण मी दुसऱ्या बाजूने आलो आहे. आमच्या घरी तेलुगू, तिथे एकवीसला सरळ ‘इरवै ओकटि’, म्हणजे वीस एक. अकरा ते एकोणीस तेवढे वेडेवाकडे: अकरा ‘पदकोंडु’, बारा ‘पन्नेंडु’. पण वीस ओलांडले की नव्व्याण्णवपर्यंत नवे काही पाठ करावे लागत नाही. कारखान्यात टॉवेल मोजायला बसलो तेव्हा मुकादमांनी ‘एकोणचाळीस’ सांगितले. चाळीस ऐकू आले म्हणून मी चाराचा आकडा आधी लिहिला आणि मग नऊ. दहा टॉवेल हिशेबात जास्त आले आणि संध्याकाळी सगळे गठ्ठे पुन्हा सोडावे लागले.

औटकी
तुमची चूक अगदी तर्कशुद्ध आहे. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एकाने कमी, त्यामुळे शब्दात पुढचा दशक ऐकू येतो आणि लिहायचा असतो मागचा. शिवाय मराठी हा नियम शेवटपर्यंत पाळत नाही; एकोणनव्वदच्या जोडीला नव्व्याऐंशी आहे आणि नव्व्याण्णवला तर एकोणशंभर कोणीच म्हणत नाही.

जुनी वही
माझे तीस मी मागे घेतो. आमची आजी मात्र कोंबड्यांची अंडी ‘तीन विसा नि दहा’ अशी मोजायची, सत्तर म्हणत नसे. म्हणजे वीस आपल्याकडेही होतेच. पण मग नव्वदचे काय? डॅनिशमध्ये तो अर्धा-पाचवा वेळा वीस असणार, म्हणजे साडेचार विसा. ‘औट’सारखा साडेचारला जुना मराठी शब्द आहे का?

औटकी
नव्वदचे आपण अचूक ताडलेत. पण आपला ‘साडे’ वेगळ्या घडणीचा आहे. तो ‘सार्ध’, म्हणजे अर्ध्यासह, त्यामुळे साडेचारमध्ये चार ऐकू येतात, पाच नाही. आमचे पाढे औटकीवर थांबायचे. त्यापुढचा शब्द कोणाच्या घरात कानावर पडला असेल तर लिहावा.

पूर्वभाग
आमच्या मुकादमांना विचारून पाहतो. ते अजून कोडीनेच मोजतात, एका कोडीत वीस नग.