‘सुसंगतता’ म्हणावं, ‘नांदतात का’ म्हणावं, की ‘ताळा’?

अनुवादवही: नवजात अतिदक्षता विभागासाठी शिरेतून द्यायच्या पोषणाच्या पिशव्या जिथे भरतात, तिथल्या कार्यपत्रिकेचं मराठी करतेय. एक ओळ आहे ‘कॅल्शियम-फॉस्फेट कंपॅटिबिलिटी चेक’. मी लिहिलं ‘सुसंगतता तपासणी’. एका नव्या मुलीने ते वाचून भरलेली पिशवी उजेडात धरली, स्वच्छ दिसली म्हणून खूण केली. तिच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, ही तपासणी कॅल्शियम घालण्याआधी, कागदावर व्हायला हवी होती. शब्द माझा चुकला का?

शुद्धमती: ‘सुसंगतता’ निर्दोष शब्द आहे. वाचणाऱ्याला काम येत नसेल तर त्याचा दोष भाषेवर का?

गोळाबेरीज: मी ‘जुळणी’ म्हणेन. बाळाला कॅल्शियम नि फॉस्फेट ठरावीक प्रमाणात लागतात, मिलिमोलमध्ये एका फॉस्फेटला सव्वा-दीड कॅल्शियमच्या आसपास. ते जुळलं की झालं.

रात्रपाळी: नेमकं हेच होऊ नये, म्हणून ‘जुळणी’ नको. प्रमाण बाळाच्या हाडांसाठी असतं. इथे प्रश्न पिशवीचा आहे. प्रमाण उत्तम असूनही दोन्ही एकत्र येऊन न विरघळणारा साका बसू शकतो.

बाळ 1.2 किलोचं, पिशवी 120 मिलीची. कॅल्शियम 2.4 मिलिमोल, फॉस्फेट 1.8, म्हणजे तुमचं प्रमाण चोख. लिटरला हिशेब केला तर 20 आणि 15. पण फॉस्फेट घालून झालं तेव्हा पिशवीत 80 मिलीच होतं, त्यात साधारण 10 मिली कॅल्शियम ग्लुकोनेट पडलं आणि 30 मिली पाणी शेवटी घालायचं राहिलं होतं. त्या क्षणी आकारमान 90 मिली, म्हणजे लिटरला जवळजवळ 27 आणि 20. आपण वापरतो त्या अमिनो आम्लासाठी विरघळण्याची मर्यादा दाखवणाऱ्या आलेखावर पहिली जोडी रेषेखाली, म्हणजे सुरक्षित, आणि दुसरी रेषेच्या वर, म्हणजे साका बसण्याच्या भागात पडू शकते. एकदा बसलेला साका मागून आलेल्या पाण्याने विरघळेल याची खात्री नाही. म्हणून हिशेब त्या क्षणाच्या आकारमानावर करायचा, किंवा क्रम बदलायचा: फॉस्फेट आधी, मग पाणी, नीट हलवून कॅल्शियम शेवटाकडे.

गोळाबेरीज: मग दोन आकड्यांचा गुणाकार करून एक मर्यादा का नाही ठेवत? आम्हाला तसंच शिकवलं होतं.

रात्रपाळी: पहिल्या नजरेला बरा. पण अमिनो आम्ल कमी केलं की द्रावणाची आम्लता घटते आणि तेच आकडे, ज्यांनी काल त्रास दिला नाही, ते आज देतात. मर्यादा एकच नसते. सेंद्रिय फॉस्फेट, म्हणजे सोडियम ग्लिसरोफॉस्फेट वापरलं तर ही कटकट बहुतेक संपते, फक्त सोडियम हिशेबात धरावं लागतं.

आडवळण: साका पाहिला तर थंडीत बसतो. पिशवी कोमट ठेवली तर विरघळत नाही का?

रात्रपाळी: साखरेच्या सवयीने असं वाटतं. इथे उलट आहे. ऊब वाढली की साका बसण्याकडे कल वाढतो. फार्मसीत स्वच्छ दिसलेली पिशवी उबदार इनक्युबेटरशेजारच्या नळीत काही तासांनी बिघडू शकते. म्हणून उजेडात पाहणं हवं, पण ते दुसरं काम. आणि पिशवीत लिपिड असेल तर पांढरेपणात साका दिसतच नाही. 1994 साली अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला तो दोन मृत्यूंनंतर, आणि त्या प्रकरणात असंच मिश्रण होतं.

आडवळण: मग ‘पिशवी फाटली का’ असं लिहा ना, सगळ्यांना कळेल.

रात्रपाळी: ‘फाटणं’ आम्ही लिपिडचं तेल वेगळं झालं की म्हणतो. तो निराळा बिघाड आहे. शिवाय पिशवी खरंच गळते तेव्हा काय म्हणणार?

अनुवादवही: मी दोन ओळी करते. ‘घालण्याआधी: कॅल्शियम-फॉस्फेटचा ताळा’ आणि ‘भरल्यानंतर: गढूळपणा व कण पाहा’. की पहिलीत ‘एकत्र नांदतात का’ लिहू?

शुद्धमती: नांदतात? सुना नांदतात, क्षार नाहीत. ‘ताळा’ तर शाळकरी आहे, गणिताचं उत्तर पडताळायचा शब्द. आणि ‘साका’ला शास्त्रीय शब्द ‘अवक्षेप’ आहे, अव अधिक क्षिप्, खाली टाकलेलं.

रात्रपाळी: पण आमचा अवक्षेप दरवेळी खाली बसतोच असं नाही, कधी नुसता तरंगता धूसरपणा राहतो. ‘ताळा’ मला आवडला, कारण त्यात हिशेब आहे. ‘साका’ म्हणाल तर तो तळाला शोधला जाईल.

आडवळण: साका हा साकळण्यातूनच आला असणार, रक्त साकळतं तसं. म्हणजे तळाचा संबंध मुळात नाहीच!

शुद्धमती: असणार म्हणजे? आधार?

आडवळण: माझी आजी म्हणायची.

अनुवादवही: आजींचं राहू दे, मला उद्या पत्रिका द्यायचीय. ‘ताळा’ ठेवू ना?

शुद्धमती: आधी ‘साकळणे’ कोशात बघा.