अनुभव धागा: साइटच्या फोटोतलं कुठलं यंत्र कुठलं, कसं ओळखता?

रानवारा: जुन्या अल्बममध्ये बाबांच्या साइटचा फोटो सापडला. ते बोट ठेवून एकेक यंत्र सांगायचे. आता भाची विचारतेय. क्रेन लगेच कळली, बकेट नाही, वायररोप आणि हूक. बुलडोझरही कळला: खाली चेन, पुढे रुंद पातं, खोदायचा हातच नाही. अडलंय उरलेल्या दोघांवर. दोन्हींना चाकं, दोन्हींना बकेट. तुम्ही कसं ओळखता?

टपरीवाला: चेन असली की पोकलेन, चाकं असली की जेसीबी. विषय संपला.

खडीसम्राट: नाही संपला. तुम्ही ज्याला पोकलेन म्हणता तो एक्सकॅव्हेटर, आणि चाकांवरचे एक्सकॅव्हेटरही असतात. चाकं सोडा, केबिन बघा. एक्सकॅव्हेटरची केबिन, इंजिन, मागचं वजन, सगळं हातासकट गोल फिरतं. म्हणून केबिनचं तोंड नेहमी हाताच्या दिशेला, चाकं भले आडवी असोत. बॅकहोची, म्हणजे तुमच्या जेसीबीची, केबिन ट्रॅक्टरसारखी पक्की. फिरतो फक्त मागचा हात, तोही साधारण अर्धवर्तुळात. इंजिन पुढे बोनेटखाली, त्याच्यापुढे रुंद लोडर बकेट, आणि मागची चाकं बहुतेकदा पुढच्यांपेक्षा मोठी.

सायली_म: आमच्या शेजारी रोज सकाळी सहाला ते ठकठक करणारं सुरू होतं 😭 ते कुठलं?

खडीसम्राट: ब्रेकर. बकेट काढून लावतात, दोन्ही यंत्रांना लागतो. म्हणून हाताच्या टोकावरून यंत्र ठरवू नका.

टपरीवाला: @सायली_म कापूस घाला कानात, पाया झाला की थांबेल.

सायली_म: पाया चार महिने चाललाय दादा.

रानवारा: पाहिलं! एकाची केबिन चाकांना आडवी आहे. पण त्याच्या चाकांपाशी खाली छोटं पातंही आहे. मग अर्धा बुलडोझर का?

खडीसम्राट: एक्सकॅव्हेटरच. ते पातं जमिनीला टेकवून खोदताना आधार घेतात, थोडीफार माती सारतात. बुलडोझरचं पातं हेच त्याचं मुख्य हत्यार, अख्ख्या यंत्राच्या रुंदीचं. दुसऱ्याचं सांगा.

रानवारा: दुसरं समोरून आलंय. पुढची बकेट दिसते, मागचं काही नाही.

खडीसम्राट: मग नुसता लोडरही असू शकेल. बॅकहो असेल, तर हात दुमडून ठेवला की त्याचा कोपर बऱ्याचदा केबिनच्या छतावर डोकावतो. शिवाय मागच्या बाजूला जमिनीला टेकवायचे दोन पाय असतात. यातलं काहीच दिसत नसेल, तर या एका फोटोवरून मी पैज लावणार नाही.

नाना_७१: एक्सकॅव्हेटरला पट्टा बांधून पाइप उचलतात, तेव्हा ती क्रेन नाही का?

टपरीवाला: उचलते ना? मग क्रेन.

खडीसम्राट: काम क्रेनचं, यंत्र एक्सकॅव्हेटर.

नाना_७१: पटलं नाही. आमच्या साइटवर तिला क्रेनच म्हणायचे.

रानवारा: छतावर काहीतरी पिवळं टोक आहे, पण मागच्या खांबाचंही असेल. भिंग आणते.