एका स्लाइडवर एकच पायरी : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती, पुणे
साडीला फॉल कसा लावायचा याचं कॅरोसेल, म्हणजे एकामागून एक सरकवत वाचायच्या स्लाइडची पोस्ट, केलं होतं. दुसऱ्या स्लाइडवर लिहिलं, "फॉल भिजवून, वाळवून, इस्त्री करून लावायला घ्या." एका ताईंनी वाचलं ते फक्त "लावायला घ्या". पहिल्याच धुण्यात सुती फॉल आटला आणि साडीच्या काठाला चुण्या पडल्या. त्यांनी फोटो पाठवला तेव्हा फार वाईट वाटलं. पायरी कुठे तोडायची हे तुम्ही कसं ठरवता? स्वतःचा अनुभव लिहा.

कृषी सहाय्यक, लातूर जिल्हा
तुमच्या वाक्यातच उत्तर आहे. 'भिजवून, वाळवून, करून' यातल्या प्रत्येक 'ऊन'मागे एक पायरी दडलेली असते. बोलताना ते गोड लागतं, पण स्लाइडवर डोळा शेवटच्या क्रियापदावरच थांबतो.

मी सोयाबीनच्या उगवण चाचणीचं कॅरोसेल केलं होतं. तिसरी स्लाइड होती, "गोणपाट भिजवून, पिळून त्यावर शंभर दाणे मांडा." पेरणीच्या तोंडावर एक काका दाणे मांडलेल्या गोणपाटाची गुंडाळी घेऊनच आले. उघडली तर आंबूस वास, दाणे फुगून मऊ पडलेले. मोड आलेले ४१. ते बियाणं विकून टाकायच्या बेतात होते. गोणपाट पिळलाच नव्हता. साचलेल्या पाण्यात दाण्याला हवा मिळत नाही, तो कुजतो. त्याच बियाण्याची चाचणी पुन्हा लावली, तर ७४ निघाले.

मग सगळं नव्याने मांडलं. पहिली स्लाइड नावाची. पुढे एकेक: "प्रत्येक पोत्यातून मूठभर बी काढा." "न निवडता १०० दाणे मोजा." (टपोरे दाणे वेचायचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून 'न निवडता' तिथेच हवं.) "गोणपाट भिजवा." "पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत पिळा." "दहा-दहाच्या दहा ओळी मांडा." "दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकून गुंडाळा." "सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा." "सातव्या दिवशी निरोगी मोड मोजा." पिळण्याच्या स्लाइडवर फोटोही फक्त पिळणाऱ्या दोन हातांचा ठेवला.

शेवट अवघड गेला. मोड ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो, कमी आले तर बियाणं त्या प्रमाणात वाढवायचं. ६० आले तर ३५ किलो. दोन्ही एकाच स्लाइडवर होतं तेव्हा लोक गोंधळायचे. आता "७० किंवा जास्त" वेगळी, "७० पेक्षा कमी" वेगळी.

डिझाइनचं काम करणारा, नाशिक
साधा नियम आहे, एक क्रियापद म्हणजे एक स्लाइड. डोळे मिटून पाळावा.

कृषी सहाय्यक, लातूर जिल्हा
नियम बराचसा बरोबर आहे, पण डोळे मिटून नको. "मोजा" आणि "१०० दाणे" वेगळे केले, तर पहिल्या स्लाइडवर माणूस नुसताच थांबतो. आकडा त्याच क्रियेचा भाग आहे. "झाकून गुंडाळा" मी मुद्दाम एकत्र ठेवलं, कारण मध्ये हात थांबत नाही आणि मध्ये चूक होण्यासारखंही काही नाही.

शेतकरी, वाशीम
माझं घरचं बी तीन वर्षांचं आहे, चालेल का?

कृषी सहाय्यक, लातूर जिल्हा
दादा, सोयाबीनची उगवण साठवणुकीत लवकर घटते. आधी चाचणी लावा, आकडा कळवा.

गृहिणी, चिपळूण
माझी अडचण उलटी आहे. मोदकाच्या उकडीत पाण्याला उकळी आली की एका हाताने पिठी घालायची आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं, दोन्ही एकाच वेळी. मी ते दोन स्लाइडवर तोडलं. भाचीने आधी सगळी पिठी ओतली, मग पुढची स्लाइड सरकवली, तोवर गुठळ्या झाल्या. आता "ढवळत ढवळत पिठी घाला" एवढंच लिहिते.

आरोग्य शिबिरांची स्वयंसेविका, नंदुरबार
आमच्याकडे कॅरोसेल फिरतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर, सुटे सुटे फोटो होऊन. साखर-मिठाच्या पाण्याची चौथी स्लाइड एकटीच कुणाकडे तरी पोचली. तिच्यावर होतं, "आता अर्धा चमचा मीठ घाला." किती पाण्यात, ते कुठेच नाही. ते बाळाला पाजायचं पाणी आहे. मीठ जास्त झालं तर धोकाच. तेव्हापासून "१ लिटर पाण्यात अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ" असं पूर्ण लिहितो, कोपऱ्यात "४/६" घालतो आणि 'आता', 'त्यात', 'मग' काढून टाकतो.

डिझाइनचं काम करणारा, नाशिक
पण मग पाण्याचं माप साखरेच्या आणि मिठाच्या अशा दोन्ही स्लाइडवर येणार. सूचना लांबते.

आरोग्य शिबिरांची स्वयंसेविका, नंदुरबार
लांबू दे. ते माप मी काढणार नाही.

धागाकर्ती, पुणे
फॉलच्या तीन स्लाइड आत्ताच वेगळ्या केल्या: "फॉल पाण्यात भिजवा", "पूर्ण वाळवा", "इस्त्री करा". एक प्रश्न उरलाच. वाळायला काही तास जातात. त्या थांबण्याला स्वतःची स्लाइड द्यायची, की "पूर्ण वाळवा" पुरेसं आहे?

कृषी सहाय्यक, लातूर जिल्हा
माझे सात दिवस मी "सातव्या दिवशी" या शब्दांत बसवले. तरी दर हंगामात दोघं-तिघं तिसऱ्याच दिवशी गुंडाळी उघडून फोन करतात. वेगळी स्लाइड यंदा करून बघणार आहे.