मदत हवी आहे: डबल ग्लेझिंगची यू-व्हॅल्यू निम्मीच का येतेय?

दूरदेशी: जर्मनीत भाड्याच्या घरात राहतो. खिडकीच्या कागदावर काचेची यू-व्हॅल्यू 2.9 आहे (वॅट, दर चौरस मीटर, दर अंश). माझं गणित असं: खोलीच्या बाजूचा रोध 0.13, बाहेरचा 0.04, 4 मिमीच्या दोन काचांचा मिळून 0.008. मधल्या 12 मिमी हवेचा 0.012 ÷ 0.025 = 0.48. बेरीज 0.658, म्हणजे यू 1.52. कागद चुकीचा की मी काही विसरतोय?

फिरस्ता: फटीतली हवा तुम्ही स्थिर धरलीत. ती काचेपाशी तापून वर चढते आणि उष्णता पलीकडे नेते. त्यानेच फरक पडतोय.

पश्चिममुखी: आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मुद्दाम डबल काच बसवली, तरी दुपारी खोली तापतेच. असल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

जुना थर्मलवाला: फिरस्ता, मुद्दा बरोबर, पण इथे लागू नाही. 12 मिमीच्या उभ्या फटीत, 15 अंशांच्या फरकालाही, हवा जवळजवळ स्थिरच असते. साधारण 16 मिमीपासून ती फिरू लागते, म्हणून त्यापुढे फट रुंदावून फायदा होत नाही.

राहिलंय ते प्रारण. साध्या काचेची उत्सर्जकता 0.84, समोरासमोर दोन काचांची मिळून 0.72. सरासरी 10 अंश सेल्सियसला 4σT³ म्हणजे 5.14. गुणाकार 3.7. हवेतून जाते 2.1 आणि प्रारणाने 3.7! दोन्ही वाटा समांतर, म्हणून आधी बेरीज करा: 5.8. फटीचा रोध 0.48 नव्हे, 0.172. एकूण 0.35, यू 2.86. कागद बरोबर आहे.

फटीकडच्या एका काचेवर 0.04 उत्सर्जकतेचा लो-ई लेप असता, तर प्रारण 0.2 वर येऊन यू 1.6 झाली असती. रात्री काचेसमोर लायटर धरा. चार प्रतिबिंबांपैकी एकाचा रंग वेगळा दिसला तर लेप आहे.

पश्चिममुखी, तुमचा प्रश्न थेट उन्हाचा आहे. यू-व्हॅल्यू फक्त आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाची उष्णता सांगते. तुम्ही काचेचा सौर उष्णता गुणांक बघा.

दूरदेशी: प्रारण मी धरलंच नव्हतं, आता उलगडलं. चारही प्रतिबिंबं सारखीच दिसली. मोजून बघायचं तर?

जुना थर्मलवाला: बाहेर 0, आत 20 असताना काचेची आतली बाजू मधोमध 12.6 च्या आसपास यायला हवी. तुमच्या 1.52 ने ती 16 आली असती. ढगाळ रात्री मोजा, हीटर बंद करून.

दूरदेशी: मोजलं. मधोमध 12.9, पण खालच्या कडेला 9!

जुना थर्मलवाला: कडेला दोन काचांमध्ये धातूची पट्टी असेल, तिथून उष्णता सरळ बाहेर जाते. आपलं गणित फक्त काचेच्या मधल्या भागाचं आहे.

फिरस्ता: मग चौकटीसकट पूर्ण खिडकीची यू किती धरायची? चौकट लाकडी आहे की प्लॅस्टिकची?

दूरदेशी: प्लॅस्टिकची वाटते. उजेडात उघडून बघतो.