कोंडीतली गाडी दर किलोमीटरला सर्वाधिक प्रदूषण करते, हे खरे आहे का?

पाऊलवाट: सिग्नलवर उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसतो. भरधाव गाडीचे इंजिन मात्र जोर लावत असते. मग सर्वांत जास्त प्रदूषण कोंडीत होते असे सगळे का म्हणतात? मला हे पटत नाही.

यंत्रवेध: मिनिटाचा हिशेब मांडला तर धावणारी गाडीच जास्त इंधन जाळते, त्यात वाद नाही. पण प्रवास मिनिटांसाठी नसतो, अंतरासाठी असतो. हजार किलो वजनाची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची एक गाडी डोळ्यांसमोर आणा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या स्थिर वेगाने ती एक किलोमीटर सुमारे ४५ मिलिलिटर पेट्रोलमध्ये पार करते आणि त्याला सव्वा मिनिटही लागत नाही. आता तेच अंतर ती कोंडीत ताशी ६ च्या सरासरीने कापते असे धरा, म्हणजे त्या एका किलोमीटरला १० मिनिटे लागतील. असे इंजिन नुसते चालू ठेवायला तासाला ०.७ लिटरच्या आसपास पेट्रोल लागते, म्हणजे १० मिनिटांत जवळपास ११७ मिलिलिटर. हे इंधन चाक एक वेढाही न फिरता खर्च होते, कारण ते इंजिनातले घर्षण, पाण्याचा आणि तेलाचा पंप व अल्टरनेटर यांच्या पोटात जाते. त्यावर टायरच्या घर्षणासाठी आणि पुन्हा पुन्हा हलण्यासाठी ४०-४५ मिलिलिटर धरले, तर बेरीज १६० च्या घरात जाते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या हिशेबाने मोकळ्या रस्त्यावरचे १०४ ग्रॅम कोंडीत ३६८ ग्रॅम होतात. गाडी पूर्ण थांबली की अंतर शून्य होते आणि दर किलोमीटरच्या आकड्याला अर्थच उरत नाही, म्हणून तो थांबा पुढच्या-मागच्या अंतरावर वाटूनच मोजावा लागतो.

धडपड्या: यात खरा गुन्हेगार ब्रेक आहे असे मला वाटते. गाडीला वेग द्यायचा आणि लगेच ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता करून घालवायची, हाच कोंडीचा तोटा. चालकाने पाय हलका ठेवला, पुढच्या गाडीपासून अंतर राखून हळूहळू सरकत राहिले, तर हा प्रश्न जवळजवळ संपतो.

यंत्रवेध: तुमचे म्हणणे वेगवेगळ्या रस्त्यांवर वेगवेगळ्या प्रमाणात खरे आहे. ताशी ५० वरून थांबायचे आणि पुन्हा ५० गाठायचे, तर गमावलेली गतिज ऊर्जा सुमारे ९६ किलोज्यूल असते आणि इंजिनाची कार्यक्षमता पाव धरली तर ती भरून काढायला १२ मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे असा एक थांबा साधारण मिनिटभर इंजिन चालू ठेवण्याइतका महाग पडतो, आणि दर अर्ध्या किलोमीटरवर सिग्नल असलेल्या रस्त्यावर तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण दाट कोंडीत गाडी ताशी १५ च्या वर जातच नाही. तिथे प्रत्येक हालचालीत वाया जाणारे इंधन दीड मिलिलिटरच्या आत असते. हलका पाय तिथे थोडेच वाचवतो, कारण मुख्य खर्च वेळेचा आहे आणि वेळ चालकाच्या हातात नाही.

जुनीडिझेल: माझा अनुभव इथे सांगतो. माझी डिझेल गाडी रोज ४ किलोमीटर जाऊन ४ किलोमीटर परत येते, तेही गर्दीतूनच. दीड वर्षात डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. गॅरेजवाल्याने फिल्टर खराब झाला असे सांगून बदलायला लावला आणि काही महिन्यांनी तोच दिवा पुन्हा लागला. धूर जास्त होत असेल तर दोष इंधनाचा असावा, अशी माझी समजूत आहे.

यंत्रवेध: इंधनाचा दोष अगदीच अशक्य नाही, पण तुमच्या वर्णनात मला दुसरेच कारण दिसते. त्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला तिथले तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावे लागते आणि काही मिनिटे टिकवावे लागते. रांगत्या प्रवासात ते जमत नाही, प्रक्रिया अर्धवट राहते आणि फिल्टर तुंबतो. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला एक्झॉस्टमध्ये यूरिया द्रावण फवारणाऱ्या डिझेल गाड्यांचेही असेच होते. एक्झॉस्ट साधारण २०० अंशांच्या खाली गेला की फवारा थांबतो आणि नायट्रोजन ऑक्साइड बऱ्याच अंशी तसेच बाहेर पडतात. म्हणजे कोंडीत इंधन तर जास्त जळतेच, शिवाय ते शुद्ध करणारी यंत्रणाही नेमकी तेव्हाच मंदावते. नवा फिल्टर घालण्याआधी आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर २०-२५ मिनिटे सलग गाडी चालवून पाहायला हवी होती.

विरोधमत: मला या सगळ्या मांडणीवरच आक्षेप आहे. पेट्रोल गाडीतला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एकदा तापला की सिग्नलच्या एक-दोन मिनिटांत थंड पडत नाही, त्यामुळे आजच्या चांगल्या स्थितीतल्या गाडीच्या धुरात तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन फारच थोडे असतात. त्यांचा मोठा वाटा थंड इंजिन सुरू करतानाच्या पहिल्या काही मिनिटांत पडतो. तुम्ही कार्बन डायऑक्साइडचा हिशेब दाखवता आणि वाचणारा त्यातून सगळे प्रदूषण समजतो. शिवाय दर किलोमीटर हे मापच मला अपुरे वाटते. त्याच रस्त्यावरून तासाला दुप्पट गाड्या वेगाने गेल्या, तर तिथे राहणाऱ्याच्या छातीत जाणारा धूर कमी होईलच असे नाही.

यंत्रवेध: कन्व्हर्टरविषयी तुमचे बरोबर आहे आणि मी ते आधीच वेगळे सांगायला हवे होते. कार्बन डायऑक्साइडला मात्र कोणताही कन्व्हर्टर अडवत नाही, तो जळालेल्या इंधनाच्या प्रमाणातच बाहेर पडतो. दुप्पट गाड्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. कोंडी फोडायला रस्ता रुंद केला की नव्या गाड्या येतात आणि दर गाडीमागची बचत एकूण गर्दीत विरून जाऊ शकते.

धडपड्या: मग सिग्नलवर इंजिन बंद करावे की नाही, एवढे तरी स्पष्ट सांगा. मी ऐकले आहे की पुन्हा सुरू करायलाच जास्त इंधन लागते.

यंत्रवेध: तापलेले इंजिन पुन्हा सुरू करायला साधारण १० सेकंद ते चालू ठेवण्याइतके, म्हणजे २ मिलिलिटर किंवा त्याहून कमी इंधन लागते. उलट ९० सेकंदांच्या थांब्यात जळणाऱ्या पेट्रोलवर गाडी जवळपास ४०० मीटर धावली असती. बॅटरी आणि स्टार्टरची काळजी मात्र खरी आहे. ज्या गाड्यांत थांब्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय कारखान्यातूनच येते त्यांत दोन्ही मुद्दाम दणकट बसवतात, बाकीच्यांनी लांब थांब्यापुरतेच करावे.

पाऊलवाट: मी स्वतः पडताळून पाहिले. माझी गाडीही १.२ लिटर पेट्रोलचीच आहे. प्रवासाचा आकडा शून्यावर आणून ८ किलोमीटर गेलो, तेव्हा पडद्यावर सरासरी लिटरला १५.२ किलोमीटर होती. मग १२० सेकंद नुसता उभा राहिलो आणि ती १४.३ वर आली. तुमच्या ०.७ लिटरच्या हिशेबाने ती १४.६ पर्यंतच उतरायला हवी होती.

यंत्रवेध: एसी चालू होता का? माझा ०.७ चा आकडा एसी बंद धरून होता, हे सांगायचे राहिले. तुमच्या आकड्यांवरून मागे हिशेब केला तर तासाला सुमारे १ लिटर येते आणि कॉम्प्रेसर चालू असताना ते अगदी शक्य आहे. एसी बंद ठेवून हेच पुन्हा करून पाहा.