डोन्ट केअरचे X: गटात ओढायचे की सोडून द्यायचे?

तिसरी_सेमिस्टर
तीन फ्लिप-फ्लॉपचा जॉन्सन काउंटर करतोय. क्रम 000, 100, 110, 111, 011, 001 आणि परत 000. 010 आणि 101 या अवस्था क्रमात येतच नाहीत, म्हणून तिन्ही के-मॅपमध्ये त्या घरांत X टाकलाय. X गटात घेतले की उत्तरं खूप लहान येतात. पण माझी लॅब पार्टनर म्हणते की X ला हात लावू नकोस, त्यात धोका आहे. सर म्हणतात, X फुकटचा आहे, घेऊन टाक. कोणाचं ऐकू?

गटबांधणीवाला
सरांचं. X म्हणजे आपणच दिलेली हमी आहे की हे इनपुट येणार नाही. न येणाऱ्या इनपुटसाठी गेट कशाला खर्च करायचं? तुझा पहिला नकाशा मांडून बघ. आडव्या ओळीत A, उभ्या रांगांत BC, आणि रांगांचा क्रम 00, 01, 11, 10:

```
D_A   00  01  11  10
A=0    1   0   0   X
A=1    1   X   0   1
```

X न घेता तीन एकांच्या दोन पेअर होतात: `B'C' + AC'`. वरच्या उजव्या कोपऱ्यातला X घेतला, तर डावी रांग आणि उजवी रांग कडेवरून जुळून एकच क्वाड होतो आणि उरतं फक्त `C'`. याच रीतीने `D_B = A` आणि `D_C = B`. तीन तारांत काम झालं, एकही गेट नाही. दुसरा X, म्हणजे 101 चा, पहिल्या नकाशात कुठल्याच गटाला मोठं करत नाही, म्हणून तो सोडायचा. नियम इतकाच आहे: गट मोठा होत असेल तर X घ्या, नसेल तर सोडा, आणि नुसत्या X चा गट कधी करू नका.

उजळणी_चालू
नियम बरोबर आहे, पण एक राहिलं. एकदा 010 च्या X ला 1 धरलं की तो तिन्ही नकाशांत 1 च धरावा लागतो. एकाच घराला एकीकडे 1 आणि दुसरीकडे 0 कसं चालेल?

सोल्डरचा_वास
नाही, तसं बंधन नाही. एकाच नकाशात एखादा X कुठल्याही गटात आला की तो 1 झाला, तिथे दोन किंमती नाहीत, हे खरं. पण D_A, D_B, D_C ही तीन वेगळी फंक्शन्स आहेत आणि प्रत्येक आपापल्या X ची किंमत स्वतंत्र ठरवतं. वरच्या उत्तरांत नेमकं तेच झालंय. 010 चा X पहिल्या नकाशात 1 झाला, दुसऱ्यात 0, तिसऱ्यात परत 1.

आणि इथेच माझा गटबांधणीवाला यांच्या मताला विरोध सुरू होतो. गट पाडून झाले की नकाशावर X उरत नाही. गटात आला तो 1, बाहेर राहिला तो 0. म्हणजे 010 नंतर काय होणार हे आपण विचार न करता ठरवून मोकळे झालो. तिन्ही किंमती ओळीने वाचा: 1, 0, 1. पुढची अवस्था 101. आता 101 ची घरं वाचा: 0, 1, 0. पुढची अवस्था 010. दोन अवस्था एकमेकींकडे बोट दाखवून बसल्या आहेत. काउंटर एकदा तिथे पोचला की क्लॉक कितीही द्या, मुख्य क्रमात परत येत नाही. लॉक-आउट म्हणतात तो हाच. लॅब पार्टनरला धोका बरोबर दिसलाय.

गटबांधणीवाला
पण पोचेल कसा? चालू करताना रिसेट देऊन तिन्ही फ्लिप-फ्लॉप 000 वर आणले की क्रमातल्या सहाही अवस्थांतून बाहेर जायला वाटच नाही. कागदावर सिद्ध होणारी गोष्ट आहे. उद्या तारच तुटली तर काय, असं धरून कोणी नकाशा भरत नाही.

तीन_दिवे
माझ्याकडे हेच झालं होतं म्हणून लिहिते. प्रोजेक्टमध्ये हाच काउंटर, तिन्ही आउटपुटना एकेक एलईडी. रिसेटही होता. पुरवठ्याची वायर ब्रेडबोर्डमध्ये सैल होती, ती जरा हलली की कधीतरी दिवे वेगळंच करायला लागायचे: मधला एकटा, मग कडेचे दोघे, मग मधला एकटा. रिसेटचं बटण दाबलं की परत नीट. दोन दिवस मी आयसी बदलत बसले. 010 आणि 101 आलटून पालटून दिसताहेत हे कळायलाच वेळ लागला.

सोल्डरचा_वास
अगदी हीच खूण. एलईडी नसतील तर वारंवारता मोजा. नीट चालताना सहा क्लॉकमध्ये एक आवर्तन होतं, अडकल्यावर दोनच क्लॉकमध्ये. ६ किलोहर्ट्झ क्लॉकवर A ला १ किलोहर्ट्झ दिसायला हवा, अडकला की ३ दिसतो. ऑसिलोस्कोपवर तिप्पट झाली की समजा, पुरवठा डगमगला किंवा नॉइज आला आणि एखादा फ्लिप-फ्लॉप उलटला. रिसेट सुरुवातीची हमी देतो, मधली नाही.

पॉस_की_सॉप
माझीही X वरून अडचण आहे. मी एकांचे गट करून एक उत्तर काढलं आणि शून्यांचे गट करून दुसरं. दोन्ही आपसात जुळत नाहीत. दोन चलांचा छोटा नकाशा आहे: 01 ला 1, 10 ला 0, बाकी दोन्ही X. एकीकडे `A'` आलं, दुसरीकडे `B`. म्हणजे माझा गट चुकला ना?

सोल्डरचा_वास
मूळ प्रश्नाशी संबंध थोडा लांबचा आहे, पण चुकलेलं काही नाही. एकांना जोडताना तुम्ही 00 चा X आत घेतला, म्हणून तिथे `A'` ची किंमत 1 आहे. शून्यांना जोडताना तोच X शून्यांच्या गटात गेला, म्हणून तिथे `B` ची किंमत 0 आहे. जिथे हमी दिली होती त्या 01 आणि 10 वर दोघं सारखीच आहेत. X असताना दोन उत्तरं बीजगणिताने एकमेकांत बदलून दाखवायला जाऊ नका, ती समान नसूही शकतात. फक्त 1 आणि 0 ची घरं तपासा.

गटबांधणीवाला
तीन_दिवे यांचा अनुभव मान्य. तरी सरसकट "X ला हात लावू नका" हे चूकच आहे. बीसीडीपासून एक्सेस-३ करताना सर्वांत वरच्या बिटचे एक 5, 6, 7, 8, 9 वर येतात आणि 10 ते 15 सगळे X. X सोडले तर `A'BC + A'BD + AB'C'`, घेतले तर `A + BC + BD`. नऊ लिटरलची पाच झाली. चुकून 12 आलाच तर तेवढ्या वेळेपुरतं आउटपुट निरर्थक असेल, पुढचा आकडा आला की परत बरोबर. इथे घाबरून X सोडायचे का?

सोल्डरचा_वास
इथे मीही घेईन. फरक नेमका तुम्ही म्हणालात तोच आहे. नुसत्या कॉम्बिनेशनल सर्किटमध्ये चुकीचं इनपुट गेलं की चूकही गेली. काउंटरमध्ये आउटपुटच पुढचं इनपुट होतं, म्हणून चूक स्वतःला पोसत राहते. त्यामुळे माझं म्हणणं "X घेऊ नका" असं नाही. आधी बिनधास्त घ्या, मग न वापरलेल्या अवस्था एकेक करून चालवून बघा, आणि अडकत असेल तर हवा तेवढाच एक X परत काढून घ्या.

या काउंटरमध्ये तिसरा नकाशा असा आहे:

```
D_C   00  01  11  10
A=0    0   0   1   X
A=1    0   X   1   1
```

010 चा X गटाबाहेर ठेवला की क्वाड मोडून दोन पेअर होतात: `BC + AB`, म्हणजे `B(A + C)`. आता 010 नंतर 1, 0, 0 येतं. 100 क्रमातलीच आहे. 101 नंतर 010, आणि तिथून 100. दोन्ही सुटल्या. खर्च एक ऑर आणि एक अँड गेट.

व्हेरिलॉगकर
आमच्या कामात नकाशा कोणी हाताने काढत नाही, पण वाद हाच असतो. केस स्टेटमेंटच्या शेवटी या दोनपैकी एक ओळ लिहायची असते:

```verilog
default: next = 3'bxxx;
default: next = 3'b000;
```

पहिलीत सिंथेसिस टूलला X वाटेल तसा वापरायची मोकळीक मिळते आणि लॉजिक लहान होतं. शिवाय सिम्युलेशनमध्ये चुकीच्या अवस्थेत गेलात तर आउटपुटभर x पसरतात, चूक लपत नाही. दुसरीत गेट वाढू शकतात, पण भरकटलेला काउंटर 000 वर येतो. मी पहिली लिहितो, कारण मला चूक दिसलेली आवडते. माझी टीम लीड दुसरी लिहायला लावते.

सोल्डरचा_वास
सिम्युलेशनमध्ये दिसेल ती चूक तुमच्या कोडची. पुरवठा डगमगून उलटलेला बिट तिथे दिसत नाही, आणि चिपमध्ये x नसतो, 0 किंवा 1 च असतो. मी तुमच्या लीडच्या बाजूने.

व्हेरिलॉगकर
गेट मोजून द्यावी लागतात तेव्हा सगळेच या बाजूला राहत नाहीत. पण असो, ते ज्याच्या त्याच्या डिझाइनवर आहे.

गटबांधणीवाला
परीक्षेत मात्र "किमान समीकरण काढा" एवढंच विचारलं असेल तर `D_C = B` च लिही. `B(A + C)` किमान नाही, मार्क जातील. "सेल्फ-करेक्टिंग" हा शब्द प्रश्नात असेल तरच X परत घे.

तिसरी_सेमिस्टर
प्रश्नात तो शब्द नाही. तरी जर्नलमध्ये दोन्ही लिहितो, खाली 010 आणि 101 कुठे जातात त्याचा तक्ताही देतो. एक करून पाहिलं: D_C न बदलता D_A मधला 010 चा X काढून घेतला. `C'(A + B')` आलं. तेव्हा 010 नंतर 001 येतं आणि 101 नंतर 010 मार्गे तिथेच. गेट तेवढीच. मग यातलं कुठलं घ्यायचं?

सोल्डरचा_वास
छान केलंस. तुझं मला जास्त आवडलं, कारण 001 च्या लगेच पुढची 000 ही रिसेटचीच अवस्था आहे, बाकीचं सर्किट तिथून सुरू व्हायला तयार असतं. फक्त 101 ला क्रमात यायला अजूनही दोन क्लॉक लागतात आणि मधल्या एका क्लॉकला आउटपुटवर 010 दिसतं.

तीन_दिवे
ते एक क्लॉकही नको असेल तर? D_B मधला 101 चा X पण काढला, `A(B + C')`, तर 101 थेट 000 वर जातं. दोन्ही बदल एकत्र केले की दोन्ही अवस्था एका क्लॉकमध्ये सुटतात, पण गेट दोनाची चार होतात.

गटबांधणीवाला
तीन तारांवरून चार गेट. दिव्यांसाठी मी नाही करणार. त्या आउटपुटवर मोटरचे ड्रायव्हर असतील आणि 010 ने नको तो स्विच चालू होणार असेल, तर करीन.