लंडनला पहिल्यांदाच: टिप, रांग आणि 'यू ऑलराइट?'

कर्वेनगरची_मी: मे महिन्यात आईबाबांना घेऊन दहा दिवस लंडनला चाललेय, तिघंही पहिल्यांदाच. तिथे हॉटेलात टिप किती ठेवायची? बस-ट्यूबला रांगेचं काय असतं? आणि कोणी भेटलं की हात मिळवायचा, नमस्कार करायचा की काय? बाबांचं म्हणणं, टिप हा प्रकारच बंद, पुण्यात वीस रुपये ठेवतो तेवढं पुरे.

सिंहगडरोडवाला: बाबा बरोबर आहेत. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लिहिलेला असतो, सरळ सांगायचं काढा म्हणून. तो वेटरला मिळतच नाही, मालकाच्या खिशात जातो. आणि आपल्याकडे तर दिल्ली हायकोर्टाने २०२५ मध्ये निकाल दिलाय की बिलात आपोआप लावता येत नाही, मग तिथे तरी का द्यायचा?

एडिसनचे_काका: अहो असं करू नका हो, फॉरेनमध्ये वीस टक्के द्यावेच लागतात, आमच्याकडे न्यू जर्सीत पंधरा ठेवले तरी वेट्रेस तोंड वाकडं करते. मराठी माणसाचं नाव खराब होतं अशाने.

बाणेर_रिटर्न: दोघंही थांबा. मी शिकताना दोन वर्षं लंडनमध्ये टेबलं पुसलीत, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

काका, अमेरिकेचं गणित तिथे लावू नका. तिकडे टिप मिळणाऱ्या वेटरला फेडरल कायद्याने तासाला २.१३ डॉलर पगार दिला तरी चालतो, बाकीचं टिपमधून भरून यायचं असतं, म्हणून ती जवळपास सक्तीची. ब्रिटनमध्ये वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, टिप त्याच्यावर. म्हणून वीस टक्के कोणी अपेक्षित धरत नाही.

सिंहगडरोडवाले, तुमचं निम्मं बरोबर. चार्ज 'डिस्क्रिशनरी' लिहिला असेल तर काढायला सांगता येतो, कोणी भांडत नाही. पण मालकाच्या खिशात जातो हे आता जुनं झालं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदा आहे की टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णपणे कामगारांतच वाटायचा, फक्त टॅक्स कापून, आणि पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. त्याआधी काय चालायचं ते मी भोगलंय, आमच्या मालकाने फुटलेल्या ग्लासचे पैसे टिपच्या डब्यातून कापले होते. आणि दिल्लीचा निकाल लंडनच्या वेटरला दाखवून काय उपयोग, तो फारतर म्हणेल 'लव्हली'.

खरा घोळ पुढे आहे. समजा तिघांचं खाणं ६४ पौंड झालं. साडेबारा टक्के म्हणजे ८ पौंड, बिल ७२. वेटर कार्ड मशीन पुढे करतो आणि काही ठिकाणी त्यावर परत टिप विचारलेली असते, दहा टक्के वगैरे. पाहुणा दबावाखाली बटण दाबतो, ती टक्केवारी ७२ वर लागते आणि आणखी ७.२० गेले. म्हणजे टिपवर टिप! तेव्हा आधी कागदी बिल मागायचं, एकूण रकमेच्या वरची ओळ वाचायची, सर्व्हिस चार्ज दिसला तर मशीनवर 'नो टिप'. चार्ज नसेल तर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. हे सगळं टेबलावर बसून खाल्लं तरच, काउंटरवर कॉफी घेतली तर काही नाही. टॅक्सीला वरचे पैसे राऊंड करतात.

सिंहगडरोडवाला: कायदा आला म्हणून सगळे पाळतात का? आपल्याकडे हेल्मेटचाही कायदा आहे. मी तरी चार्ज काढून वेटरच्या हातात रोख देईन.

बाणेर_रिटर्न: द्या की, वाईट नाही. पण रोखही बऱ्याच ठिकाणी डब्यातच जाते आणि सगळ्यांत वाटली जाते, आतल्या भांडीवाल्यालाही मिळते. मला तेच योग्य वाटायचं, माझ्या मित्राला नाही, तो म्हणायचा हसायचं मी आणि पैसे सगळ्यांना.

सहप्रवासी_मावशी: माझ्या टिप्स: तिथलं सॉकेट चौकोनी तीन पिनांचं असतं, अॅडॉप्टर इथूनच घ्या, आणि मेमध्येही स्वेटर लागतो. मेतकूट न्या.

कर्वेनगरची_मी: मावशी 😀 टिप हो, बक्षिसी! पण अॅडॉप्टर लिहून घेतला. आता रांगेचं सांगा कोणीतरी.

नळस्टॉप: स्वारगेटला बस आली की आपण दारावर झेप घेतो तसं तिथे केलंत तर कोणी ओरडणार नाही, फक्त मागून एक बारीक 'सॉरी?' ऐकू येईल आणि ते शिवीपेक्षा वाईट. गंमत म्हणजे बस स्टॉपवर ओळ दिसतच नाही, लोक अस्ताव्यस्त उभे असतात, पण आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. पबमध्ये तर कहरच, सगळे काउंटरला आडवे चिकटलेले, तरी बारमन विचारतो आता कोण आणि तुमचा नंबर नसेल तर शेजारच्याकडे हात करायचा. नोट हलवायची नाही, चुटकी तर अजिबात नाही.

आणि बाबांना एक सांगून ठेवा, लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख चालत नाही, प्रत्येकाला आपापलं कार्ड लागतं, एकावर तिघं जात नाहीत. ट्यूबच्या गेटसमोर उभं राहून पाकीट शोधणं म्हणजे तिथे रांग मोडल्याइतकंच पाप, कार्ड आधीच हातात हवं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची.

गणिती: ते डावं-उजवं शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. होलबर्न स्टेशनला २०१५ मध्ये प्रयोग झाला, दोन्ही बाजूंना उभं राहिल्यावर गर्दीत जास्त माणसं वर गेली, कारण उंच जिन्यावर चालणारे कमीच असतात आणि डावी बाजू रिकामी जाते.

नळस्टॉप: बरोबर, पण लोकांनी ऐकलं नाही ना, आजही उजवीकडेच उभे राहतात. काकूंनी डावीकडे उभं राहून शास्त्र सिद्ध करायचं का?

गणिती: कोणीतरी सुरुवात करायला हवी.

डेक्कनची_सासू: हात मिळवायचं फार डोक्यात घेऊ नका. मुलाच्या घरी चार महिने होते, शेजारची बाई रोज विचारायची 'यू ऑलराइट?'. मला वाटलं माझा चेहरा उतरलेला दिसतो की काय, पहिल्या दिवशी गुडघा, बीपी, सगळं सांगितलं, ती बिचारी कचऱ्याची पिशवी हातात धरून ऐकत राहिली. नंतर मुलाने सांगितलं, अगं तो नमस्कार आहे, प्रश्न नाही. 'येस थँक्स, यू?' म्हणायचं आणि पुढे जायचं.

दुसरं म्हणजे प्लीज. आपण 'एक चहा द्या' म्हणतो, त्या 'द्या'तच मान असतो. त्याचं सरळ 'गिव्ह मी वन टी' केलं की ऐकणाऱ्याला आपण हुकूम सोडतोय असं वाटतं, माझ्या ह्यांच्याकडे काउंटरवरची मुलगी बघतच राहिली होती. 'हॅलो, कॅन आय हॅव अ टी, प्लीज', एवढं पाठ करून घ्या आईबाबांकडून. हॅलो आधी, मागणी नंतर. नमस्कार केलात तर कोणी वाईट मानत नाही, उलट बऱ्याच बायका परत हात जोडतात. समोरच्याने हात पुढे केला तर मिळवायचा, नाहीतर मान हलवली तरी पुरतं.

एडिसनचे_काका: आमच्याकडे पहिल्या भेटीत मिठी मारतात.

कर्वेनगरची_मी: बाबांना सगळं वाचून दाखवलं. ८ पौंड म्हणजे नऊशे-हजार रुपये हे त्यांनी लगेच करून टाकलं आणि म्हणाले, मशीनचं ते बटण मीच दाबणार. 'कॅन आय हॅव'ची प्रॅक्टिस सध्या आईवर चालू आहे, तिने अजून चहा दिलेला नाही.